तीनशे शहात्तर

गेल्या महिन्यात एका शाळेनं मला मुलाखतीच्या मंडळावर बाहेरची तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. निवृत्त झाल्यापासून अशी बोलावणी अधूनमधून येतात. चहा, बिस्किटं, एक नारळ आणि परतीच्या रिक्षाचे पैसे, असा एकूण मामला असतो. जागा एकच होती, तिसरी-चौथीच्या वर्गासाठी. उमेदवार पाच. चौथा आला तो परभणीकडून रात्रभर एसटीनं आलेला मुलगा, सव्वीस-सत्तावीसचा. शर्टाला प्रवासात पडलेल्या घड्या तशाच होत्या, पण पिशवीतून त्यानं काड्यांचे गठ्ठे काढले ते रबरबँड लावून नीट बांधलेले. दहा-दहाचे वेगळे, शंभराचे वेगळे. तिसरीच्या वर्गावर हातच्याची वजाबाकी घेतली. फळ्यावरचं अक्षर असं की बघत राहावं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मध्यंतरी त्यानं फळ्यावर ४०२ वजा १७८ हे उदाहरण लिहिलं आणि उत्तर विचारलं. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलानं हात वर केला. त्याचा हात वर जाताना अर्ध्यात जरा थबकला, ते मला दिसलं. "तीनशे शहात्तर," तो म्हणाला. "बस खाली. कोण सांगेल?" पहिल्या बाकावरची मुलगी उठली, "दोनशे चोवीस." "शाब्बास! टाळ्या वाजवा तिच्यासाठी." वर्गानं टाळ्या वाजवल्या.

त्या मुलानंही वाजवल्या.

आमच्यापुढे गुणांचा छापील तक्ता होता. पेहराव व व्यक्तिमत्त्व, आवाज, फलकलेखन, शैक्षणिक साहित्याचा वापर, प्रश्नकौशल्य, वर्गनियंत्रण. प्रत्येकाला दहा गुण. प्रश्नकौशल्यापुढे मी आठ लिहिले. सचिवांनी नऊ दिले असावेत, कारण त्यांनी माझ्याकडे कागद जरासा तिरका करून मान डोलावली. पाठ चांगलाच झाला होता, त्यात शंका नाही. पण संध्याकाळी घरी येऊन ओट्याशी भाजी निवडत बसले, आणि तो ३७६ काही डोक्यातून जाईना. निवडलेल्या मेथीच्या जुड्याही मला दहा-दहाच्या दिसायला लागल्या.

कारण ३७६ हे उत्तर हवेतून येत नाही. ४०२ मधून १७८ वजा करताना एककाच्या घरात वर दोन आणि खाली आठ. ज्या मुलाला दशक सुटा करणं जमलेलं नसतं, ते सरळ आठातून दोन काढतं आणि सहा लिहितं. दशकाच्या घरात वर शून्य, खाली सात, तर सातातून शून्य गेलं, सात. शतकात चारातून एक गेला, तीन. झालं ३७६. मुलानं तीनही घरांत एकच नियम पाळला, मधेच कुठे डळमळला नाही. त्याच्या दृष्टीनं त्यानं उदाहरण चोख सोडवलेलं होतं. अशा मुलाला दुसऱ्या कुणाचं तरी २२४ हे उत्तर ऐकवून काय मिळतं? फार तर एवढं कळतं की आपण उत्तर देऊ नये.

मला त्या उमेदवाराचा राग आला नाही. खरं सांगायचं तर आमचा आला. वीस मिनिटांच्या पाठात चुकीचं उत्तर म्हणजे वाटेतला दगड. तिथं थांबलं तर काड्या दाखवायच्या राहतात, गीत राहतं, उपयोजन राहतं, गुण जातात. आपणच त्याला असं शिकवून पाठवलंय. डी.एड.ला असताना आम्ही पाठ टाचण काढायचो त्यात एक रकाना 'शिक्षक कृती' आणि शेजारी 'विद्यार्थी कृती'. विद्यार्थी कृतीत मी स्वतःच्या हातानं लिहायची, 'विद्यार्थी बरोबर उत्तर देतील.' देतील! प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन या पायऱ्या चढत जायच्या, आणि वर्गातल्या चाळीस मुलांनी आपापले संवाद पाठ असल्यासारखं त्या चढण्यात साथ द्यायची. मुलंही मोठी समजूतदार असतात. मागे पाहुणे बसलेत हे दिसलं की एरवी कौलं उडवणारा वर्ग चिडीचूप होतो. शिवाय पाठासाठी वर्ग निवडताना आम्ही मुख्याध्यापक हमखास हुशार तुकडी देतो, कारण उमेदवारापेक्षा शाळेची लाज आपल्याला जास्त असते. असा एकूण देखावा उभा करायचा आणि मग त्यावरून माणूस जोखायचा. एकदा नेमला की तीन वर्षं शिक्षणसेवक आणि पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तो माणूस त्या वर्गांवर असणार आहे, हा हिशोब त्या वेळी कुणाच्या मनात नसतो.

माझा स्वतःचा पाठ १९८७ साली झाला. कृष्णाकाठच्या एका हायस्कूलमध्ये सातवीवर, ऋण संख्यांचा गुणाकार. मी नेसलेली साडी आईची होती आणि पायात वहाणा मैत्रिणीच्या. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे मी लाल खडूनं चौकट करून लिहिलं. खिडकीकडच्या एका मुलानं विचारलं, "बाई, दोन्ही वजा असून अधिक कसं होतं?" मी म्हटलं, "तो नियम आहे. पाठ करून ठेवा." मागे बसलेले मुख्याध्यापक प्रसन्न हसले, आणि जूनमध्ये मला नेमणुकीचं पत्र मिळालं. पुढे पाच-सहा वर्षांनी कधीतरी मला ते उत्तर नीट सापडलं. तीन गुणिले ऋण दोन म्हणजे ऋण सहा, दोन गुणिले ऋण दोन म्हणजे ऋण चार, एक गुणिले ऋण दोन म्हणजे ऋण दोन, शून्य गुणिले म्हणजे शून्य. प्रत्येक पायरीला उत्तर दोननं वाढतंय, मग पुढच्या पायरीला, ऋण एक गुणिले ऋण दोनला, धन दोन येण्यावाचून गत्यंतरच नाही. पण तोवर तो मुलगा दहावी होऊन गेला होता. म्हणजे 'बस खाली, कोण सांगेल' या घराण्यातली मीही आहे. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

मुख्याध्यापिका झाल्यावर मी जे करून पाहिलं त्याची सुरुवात कुठल्या विचारातून झाली नाही, पावसातून झाली. २००९ च्या जूनमधली गोष्ट. दोन उमेदवार आले होते आणि ज्या वर्गावर पाठ घ्यायचे तो वर्ग गळायला लागला. मुलांना हॉलमध्ये हलवेपर्यंत अर्धा-पाऊण तास जाणार होता. उमेदवारांना नुसतं बसवून काय ठेवायचं, म्हणून मी टेबलावर पडलेल्या चौथीच्या घटक चाचणीच्या सहा उत्तरपत्रिका दोघांनाही दिल्या. आमच्या एका शिक्षिकेला सोपं काम करून मिळेल एवढाच हेतू. त्यात पहिलंच उदाहरण होतं ४०२ वजा १७८. (माझं त्या संख्यांशी जुनं नातं आहे म्हणा. शून्य मधे असलं की कोण कुठे अडतं ते चटकन दिसतं, म्हणून वर्षानुवर्षं आम्ही हेच उदाहरण घालायचो. परभणीच्या मुलानं फळ्यावर नेमकं तेच लिहिलं तेव्हा मी खुर्चीत जरा सावरून बसले ते त्यामुळेच.)

सहापैकी दोन मुलांची उत्तरं बरोबर होती. बाकी चौघांची चार तऱ्हेची. एकाचं ३७६, त्याचं सांगितलंच. दुसऱ्याचं २३४. तिसरीचं ३२४. चौथ्याचं २२५. लाल पेन घेतलेल्या माणसाला या चार फुल्या दिसतात. पण जरा थांबून बघणाऱ्याला चार वेगवेगळी मुलं दिसतात. २२५ वाल्याला वजाबाकीचं सगळं येतंय, फक्त बारातून आठ काढताना तो आठपासून बोटं मोजतो आणि आठलाच पहिलं बोट धरतो: आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, झाली पाच. त्याला वजाबाकीचा सराव देऊन काही होणार नाही, त्याला कुठल्या बोटापासून मोजायचं ते दाखवायला हवं. ते काम दोन मिनिटांचं आहे. ३७६ वाल्याला गठ्ठे आणि सुट्टे घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल, आणि त्याला आठवडा लागेल. दोघांच्याही वहीत 'सराव करा' असंच लिहिलं तर दोघंही महिनाभर आपापली चूक घोटून पक्की करतील.

पहिली उमेदवार, तिचं नाव न घेता नुसतं पहिली म्हणते, तिनं चार मिनिटांत सहाही पत्रिका तपासून दिल्या. अक्षर सुरेख, फुल्या नीटनेटक्या, बरोबरच्या खाली 'छान!' आणि त्यापुढे एक हसरा चेहरा. चुकलेल्या चौघांच्या खाली 'लक्ष देऊन सोडव.' मी विचारलं, "या चौघांत काय फरक वाटतो?" ती म्हणाली, "मॅडम, चौघंही मुळात निष्काळजी आहेत. घरून लक्ष नसतं हो." दुसरीनं पंधरा मिनिटांत दोनच पत्रिका पाहिल्या होत्या आणि तिसरीवर अडकली होती. तिच्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक आकडेमोड केलेली. मला आधी वाटलं, हिचंच गणित कच्चं आहे. विचारलं तर म्हणाली, "हे दोनशे चौतीस कसं आणलंय ते मला कळेना. मी ताळा करून पाहिला. एकशे अठ्ठ्याहत्तरात दोनशे चौतीस मिळवले की चारशे बारा येतात. बरोबर दहा जास्त. हे दहा त्यानं कुठून आणले असतील?" आणि मग जे म्हणाली त्यासाठी मी त्या दिवशीच्या पावसाची आजही ऋणी आहे. "तो मुलगा शाळेत आहे का आज? त्याला विचारता येईल?"

मुलगा आला. ओल्या चपला दाराबाहेर काढून, कानावरून पाणी निथळत. तिनं त्याला पत्रिका दाखवली नाही. कोऱ्या कागदावर तेच उदाहरण लिहून दिलं आणि म्हणाली, "हे कसं करतोस ते मला बोलून दाखव. मला तुझी पद्धत बघायचीय." मुलगा बोलत बोलत करायला लागला. दोनातून आठ जात नाहीत, शेजारच्या शून्याकडे मागायला गेलो तर त्याच्याकडे काहीच नाही, मग त्याच्या शेजारच्या चाराकडून एक आणला. "तो एक दोनाला दिला, झाले बारा. आणि शून्याला पण दिला, झाले दहा." "एकच होता ना रे?" "हो, पण दोघांनाही लागत होता." तिला हसू आलं, पण तिनं ते आत ठेवलं. दहाच्या नोटेचं उदाहरण काढलं. शंभराची एक नोट मोडली तर दहाच्या दहा आल्या. त्यातली एक आणखी मोडून सुटे दहा केले, तर दहाच्या किती उरल्या? मुलगा बराच वेळ गप्प राहिला. तीही. हॉलमध्ये बाकं सरकवल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "नऊ." आणि न सांगता त्यानं कागद पुढे ओढला आणि १० खोडून ९ केलं.

या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागली असतील. नंतर हॉलमध्ये दोघींचे पाठ झाले. पहिलीचा पाठ देखणा होता, गीतासह. दुसरीचा खडू दोनदा तुटला, आवाज मागे पोचला नाही आणि वेळ संपला तेव्हा तिचा निम्मा भाग बाकी होता. मंडळातल्या बाकीच्यांचा कल उघडच पहिलीकडे होता. मी चारही चुका उलगडून सांगितल्या, ३२४ सुद्धा, ज्यात ताळा शंभरानं जास्त येतो, कारण त्या मुलीनं शून्याचे नऊ केले पण चाराकडून उसनं घेतलेलं वजा करायला विसरली. संस्थेचे एक पदाधिकारी ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, हे सगळं ठीक आहे, पण पालकांना आवाज ऐकू येतो." तेही खोटं नव्हतं.

दुसरीला घेतलं.

हे वाचून कुणी म्हणेल की मग सगळं गोडच झालं असेल. तसं नाही. तिच्या वर्गाचा गोंगाट पहिलं वर्षभर शेजारच्या वर्गाला त्रास देत होता. पालकसभेत दोन पालक उठून बोलले. ती एका मुलापाशी बसली की बाकीचे चाळीस काय करतायत याचं तिला भान राहायचं नाही. वर्ग हातात ठेवणं ही वेगळी विद्या आहे आणि उत्तरपत्रिकेच्या कागदावर ती दिसत नाही. ती विद्या तिला आमच्याच एका जुन्या बाईंनी शिकवली. एकाशी बोलताना बाकीच्यांच्या हाताला काम कसं लावायचं, उभं कुठे राहायचं, पाठ कुणाकडे करायची नाही. दुसऱ्या वर्षी तिचा वर्ग शांत नव्हता, पण कामात होता. मला जे कळलं ते इतकंच: आवाज, फळा, वर्ग सांभाळणं हे शाळेत शिकवता येतं. पण चुकीच्या उत्तराबद्दल ज्याला कुतूहलच वाटत नाही, त्याच्यात ते कसं रुजवायचं ते मला छत्तीस वर्षांत जमलं नाही. मी बऱ्याच जणांवर प्रयत्न केले.

त्यानंतर मी प्रत्येक मुलाखतीला सहा वह्या ठेवायला लागले. थोडे नियम अनुभवानं बसत गेले. मुलांच्या नावांवर कागदाची पट्टी चिकटवायची. बाहेरच्या माणसानं मुलाला नावानिशी 'कच्चा' म्हणू नये. सहापैकी एक तरी वही पूर्ण बरोबर हवी, म्हणजे उमेदवार चुका शोधायच्याच म्हणून शोधतोय का ते कळतं. एक तरी चूक अशी हवी की तिचा उगम गणितात नाही, भाषेत आहे. आपल्याकडे त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो आणि पन्नास मागून, म्हणून पहिली-दुसरीतली कित्येक मुलं त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. ती मुलं ऐकलेल्या क्रमानं लिहितात, म्हणजे कान नीट आहेत. हे ज्याला दिसतं तो माणूस मुलाला 'मठ्ठ' म्हणायला धजत नाही. आणि वेळेची घाई लावायची नाही. वीस मिनिटं द्यायची, दोनच वह्या झाल्या तरी चालतील असं आधीच सांगायचं, कारण नोकरीसाठी आलेल्या माणसाला सगळ्या तपासल्याच पाहिजेत असं वाटतं आणि मग त्याच्यातला चांगला शिक्षकही कारकून होतो. मूल बोलावायचं असेल तर त्याला आधी सांगायचं की परीक्षा तुझी नाही, या ताईंची आहे. हे सांगितल्यावर मुलांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

भाषेच्या शिक्षकासाठीही हे चालतं, फक्त वह्या निबंधाच्या घ्यायच्या. एका मुलीनं 'माझी आई' या निबंधात लिहिलं होतं, 'माझी आई ऊसतोडीला जाती, तवा मी आजीकडं ऱ्हाती.' एका उमेदवारानं 'जाती', 'तवा', 'ऱ्हाती' या तिन्हींना गोल केले आणि वर 'शुद्धलेखन!' लिहिलं. दुसऱ्यानं गोल एकही केला नाही. खाली लिहिलं, 'आई परत येते त्या दिवशी काय काय होतं? तेही लिही.' मी त्याला विचारलं, मग प्रमाणभाषा कधी शिकवणार? तो म्हणाला, "तिनं आणखी दहा ओळी लिहिल्यावर. आत्ता गोल केले तर ती पुढच्या वेळी 'माझी आई खूप प्रेमळ आहे' लिहील." हे उत्तर मला पूर्ण पटलं असं नाही, काही बाई मंडळी ते 'आत्ता नको, नंतर' म्हणत चौथीपर्यंत ओढतात. पण त्यानं विचार केलेला होता एवढं नक्की.

आणखी एक गोष्ट मी पुढे करायला लागले, ती मात्र थोडी निष्ठुर वाटते. पाठ झाल्यावर उमेदवाराला बाजूला घेऊन एकच सूचना द्यायची. फक्त एक. 'तुम्ही प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर घेता, जरा पाच अंक मोजून मग घ्या,' अशी एखादी, लगेच करून पाहता येईल अशी. चहा द्यायचा, दहा मिनिटं द्यायची आणि तोच पाठाचा एक तुकडा दुसऱ्या तुकडीवर घ्यायला सांगायचा. पहिल्या पाठाला उमेदवार जे दाखवतो ती त्याची तयारी असते. दुसऱ्या वेळी तो ऐकतो का ते कळतं. काही जण दारातच सांगायला लागतात की वर्ग नवा होता, मुलं बुजली, आमच्याकडे असं शिकवतात. तुकडा पुन्हा घेताना शब्द न् शब्द तोच. काही जण अंक मोजतात, पण इतके मोठ्यानं की मुलं हसतात. आणि एखादी असते जी प्रश्न विचारते, थांबते, घामेजते, आणि चौथ्या अंकाला मागच्या बाकावरून एक अनपेक्षित हात वर येतो. तो हात बघून तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायलाच मी मागे बसलेली असायची. याचीही एक मर्यादा आहे. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला हे दुपारी करायला लावणं अन्याय आहे. त्याला आधी तोंड धुवायला पाणी आणि पोटात काहीतरी हवं. आमच्याकडे येणारे निम्मे उमेदवार बीड, परभणी, नांदेडहून यायचे आणि अकराच्या मुलाखतीसाठी पहाटे पाचला स्टँडवर उतरलेले असायचे.

आता हे सगळं करायला मुख्याध्यापकांच्या हातात किती उरलंय हाही प्रश्न आहे. अनुदानित शाळांची भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. टीईटी ही पात्रता परीक्षा दीडशे गुणांची, टेट ही अभियोग्यता चाचणी दोनशे गुणांची, दोन्हींत दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी संस्थांच्या बंद खोल्यांत जे काही चालायचं ते मी जवळून पाहिलंय, आणि कुणाच्या चिठ्ठीशिवाय, कुणाला काही न मोजता एखादी शेतकऱ्याची मुलगी यादीत आली की बरं वाटतं. पण दिलेल्यांतला बरोबर पर्याय ओळखता येणं आणि चुकलेल्या उत्तरामागचं कारण ओळखता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. जिथं मुलाखतीसह भरतीचा पर्याय आहे तिथं, आणि खासगी शाळांत तर सगळीकडेच, मुलाखतीचा तो अर्धा-पाऊण तास पुन्हा टेटचेच प्रश्न तोंडी विचारण्यात गेला तर मग तो हवाच कशाला? 'शिक्षणाची व्याख्या सांगा' हा प्रश्न मी अजूनही मंडळांवर ऐकते. गेल्या महिन्यातही ऐकला. आणि मी गप्प बसले, कारण पाहुणी होते.

त्या दिवशी मात्र एक केलं. बाकीचे नाश्त्याला खाली गेले तेव्हा मी म्हटलं, पाय मोकळे करून येते, आणि तिसरीच्या वर्गाकडे गेले. मधली सुट्टी होती. वर्गात डब्यांचा वास, चटणीचा आणि बटाट्याच्या भाजीचा. तो मुलगा बाकावरच होता, एकटा, पोळीचा रोल करून खात. मी शेजारी बसले. त्या बाकात माझे गुडघे मावत नव्हते. "वही बघू का तुझी?" त्यानं हात चड्डीला पुसून वही दिली. ४०२ वजा १७८ च्या खाली सुबक अक्षरात २२४ लिहिलं होतं. त्याच्याखाली खोडरबरानं कागद खरखरीत झालेला, आणि उजेडात धरलं की ३७६ दिसत होतं. शेजारी सरांची लाल बरोबरची खूण.

पुढचं उदाहरण घरी करायला दिलेलं. ५०३ वजा २६७. त्यानं ते वर्गातच सोडवून टाकलं होतं, बहुधा घरी जाऊन खेळायला वेळ मिळावा म्हणून. उत्तर लिहिलं होतं ३६४.

"हे कसं केलंस?" मी विचारलं. त्यानं तोंडातला घास गिळला, माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं, मी खरंच विचारतेय की टाळ्या वाजवायला लावणार आहे ते जोखलं असावं, आणि मग एककाच्या घरावर बोट ठेवलं.

"तीनातून सात जात नाहीत ना, बाई. म्हणून मग सातातून तीन घालवले."

खालून शिपाईमामांची हाक आली, पाचवा उमेदवार थांबलाय म्हणून. "थांब हं," मी म्हटलं, खाली नाही, मुलाला, आणि पर्समध्ये सुटे पैसे शोधायला लागले.